मैदानात माणसं किती मावतील? मोजपट्टी घेऊन काढायचा हिशेब

गावात सप्ताह, सभा किंवा मोठा सांस्कृतिक कार्यक्रम ठरला की पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज जातो आणि त्यात अपेक्षित उपस्थिती लिहावी लागते. बहुतेक मंडळं तिथे दहा हजार लिहून मोकळी होतात, कारण मागच्या वर्षीही तेच लिहिलेलं असतं. पण मंडप केवढा घालायचा, सतरंज्या किती आणायच्या, पाण्याचे टँकर किती, स्वयंसेवक किती, बंदोबस्त किती हे सगळं त्याच आकड्यावर ठरतं. आकडा हवेतला असला तर खालचं सगळंच हवेतलं होतं.

मी बरीच वर्षं कीर्तन सप्ताहांची बैठक व्यवस्था सांभाळतो आहे. पहिल्यांदा ही जबाबदारी घेणारी तरुण मुलं मला नेहमी विचारतात, की मैदान बघून माणसं किती मावतील हे कसं सांगायचं? हा हिशेब अवघड नाही. मैदान मोजायचं, त्यातली बसायला न येणारी जागा वजा करायची, उरलेल्या जागेला माणसामागच्या जागेने भागायचं. मग दरवाज्यांतून ठरावीक वेळात किती माणसं बाहेर पडू शकतील ते काढायचं. या दोन उत्तरांपैकी जे लहान असेल तीच त्या मैदानाची क्षमता. बहुतेकांचा हिशेब पहिल्या उत्तरावर थांबतो आणि गडबड तिथेच होते.

खालचं उदाहरण तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलच्या मैदानाचं आहे. सप्ताहाचा शेवटचा दिवस, सकाळी काल्याचं कीर्तन आणि नंतर महाप्रसाद. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

आधी हे जवळ ठेवा

- १०० फुटी मोजपट्टी आणि धरायला दुसरा माणूस
- सुतळी, चार-सहा खुंट्या आणि फक्की
- वही आणि पेन्सिल (नकाशा हाताने काढायचा आहे, मोबाइलवर नाही)
- मोबाइलमध्ये गूगल अर्थ
- जागेचा सातबारा किंवा मोजणी नकाशाची प्रत
- जागामालकाचं, म्हणजे इथे शाळेचं, संमतीपत्र. त्यात कोणते दरवाजे उघडे मिळणार हे लिहून घ्या.

१. मैदान स्वतः मोजा

सातबाऱ्यावरचा आकडा म्हणजे मैदान नव्हे. तो सगळ्या गटाचा असतो. त्यात शाळेची इमारत, विहीर, मुख्याध्यापकांची खोली, मागची बाभळीची झाडी, कधीकधी शेजारच्याने आत सरकवलेलं कुंपण, सगळं येतं. शिवाय तो हेक्टर-आरमध्ये असतो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही जवळपास सारखेच असल्याने आरला गुंठा म्हटलं तरी आपल्या कामाला चालतं. सातबारा जागा कोणाची आहे आणि संमती कोणाची घ्यायची हे बघायला वापरा. क्षेत्रफळ मोजपट्टीने काढा.

मैदान चौकोनी आणि काटकोनी असेल तर लांबी गुणिले रुंदी. आपल्या उदाहरणात मैदान ३०० फूट लांब आणि २४० फूट रुंद आहे, म्हणजे ७२,००० चौरस फूट, सुमारे ६६ गुंठे.

पण गावातली मैदानं बहुधा वाकडीतिकडी असतात. एक बाजू रस्त्याबरोबर वळलेली, दुसरी नाल्याबरोबर. अशा वेळी समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची सवय सगळ्यांना असते. त्याने क्षेत्रफळ नेहमी जास्तच येतं, कमी कधीच येत नाही. त्याऐवजी एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सुतळी ताणा. मैदानाचे दोन त्रिकोण झाले. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या सुतळीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. ती दोन अंतरं मिळवा, सुतळीच्या लांबीने गुणा आणि दोनाने भागा. मोजणी खात्यातली माणसं शंकू-साखळीच्या काळापासून असंच करत आली आहेत.

गूगल अर्थवर मोजण्याच्या पट्टीने कडेकडेने टिंबं देत गेलं की क्षेत्रफळ आपोआप दिसतं. ते पडताळणीला उत्तम. पण उपग्रहाचं चित्र जुनं असू शकतं. मधल्या काळात बांधलेली स्वच्छतागृहं त्यात नसतात, आणि कडेची झाडं असतील तर कुंपण नेमकं कुठे आहे ते पानांखाली झाकलं जातं. एक बाजू पट्टीने मोजा, तीच मोबाइलवर मोजा. दोन-चार फुटांचा फरक असेल तर पुढे जा.

२. बसायला न येणारी जागा वजा करा

इथे घाई करू नका. वहीत मैदानाचा चौकोन काढा आणि एकेक पट्टा खोडत जा.

मंचाची बाजू: मंच ३० फूट खोल आणि त्याच्यामागे २० फूट मोकळे, कारण तिथे महाराज मंडळींची ये-जा, जनरेटर, साउंडवाल्यांची गाडी असते. मंच ४० फूट रुंद असला तरी त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला बसून काही दिसत नाही, म्हणून पूर्ण २४० फूट रुंदीचा पट्टा गेला असं धरा. ५० गुणिले २४०, म्हणजे १२,००० चौरस फूट.

मंचासमोरची मोकळी जागा: २० फूट. टाळकरी, पखवाजवादक आणि विणेकरी इथे उभे राहतात. काल्याची हंडी फुटते तेव्हा माणसं पुढे झेपावतात, त्यालाही हीच जागा लागते. ४,८०० चौरस फूट.

मागचा पट्टा: पाण्याच्या टाक्या, प्रथमोपचार, रुग्णवाहिका, स्वच्छतागृहाकडे जायची वाट. ३० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट. विहीर याच पट्ट्यात घ्या आणि तिच्याभोवती बांबू बांधून घ्या.

आता मधे २०० बाय २४० फूट, म्हणजे ४८,००० चौरस फूट उरले. यातून वाटा काढायच्या. मधली वाट १२ फूट, दोन्ही कडांना ८-८ फूट आणि आडवी वाट १० फूट. याची बेरीज ७,७२० चौरस फूट होते. साउंडच्या टेबलाचा २० बाय २० चा चौथरा आणखी ४०० खातो.

उरले ३९,८८० चौरस फूट. ७२,००० पैकी साधारण ५५ टक्के.

मैदान कोणतंही असो, बैठकीला निम्म्याहून थोडीच जास्त जागा मिळते. हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर जाऊ लागलं तर समजा की तुम्ही काहीतरी वजा करायला विसरलात, आणि ते बहुधा वाटा असतात. वाटा कागदावर सोडल्या आणि जमिनीवर आखल्या नाहीत तर कीर्तन सुरू होईपर्यंत त्यांवर माणसं बसलेली असतात. दोन्ही बाजूंनी फक्की मारून सुतळी बांधा आणि वाटेवर सतरंजी अंथरू नका. उघड्या मातीवर सहसा कोणी बसत नाही.

पाऊस झालेला असेल तर एक दिवस आधी जाऊन मैदानाचा खोलगट भाग बघा. तिथे पाणी साचत असेल तर तेवढा भागही खोडा.

३. एका माणसाला किती जागा?

उभ्या गर्दीचा जगभर वापरला जाणारा हिशेब अमेरिकेतल्या हर्बर्ट जेकब्स या पत्रकारितेच्या प्राध्यापकांचा आहे. १९६०च्या दशकात बर्कली विद्यापीठात त्यांच्या खिडकीखालच्या चौकात विद्यार्थ्यांची निदर्शनं चालत. चौकाच्या फरशीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली माणसं मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणलं. त्यातून आकडे आले ते असे: सैल गर्दीत माणसामागे १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, अगदी खेटून उभ्या गर्दीत अडीच.

आपल्याकडे बैठक मांडी घालून असते, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. मांडी घातलेल्या माणसाचे गुडघे दोन-सव्वादोन फूट पसरतात आणि पाठीपासून पुढच्याच्या पाठीपर्यंत अडीच फूट लागतात. म्हणजे पाच ते साडेपाच चौरस फूट. त्यात पिशवी, पाण्याची बाटली, मांडीवरचं मूल आणि तासाभराने पाय लांब करणारे आजोबा धरा. मी सहा धरतो.

- सतरंजीवर मांडी घालून, मंचाजवळ: ५
- सतरंजीवर, सरासरी: ६
- मागे कनातीजवळ, पाठ टेकून किंवा पाय पसरून: ७ ते ८
- प्लास्टिकच्या खुर्च्या, ओळीत ३ फुटांचं अंतर ठेवून: ६
- पंगत, वाढप्यांच्या वाटेसह: १२

हे आकडे चौरस फुटांत आहेत आणि वाटा आधीच वजा केल्या आहेत असं धरून दिले आहेत. मंच, वाटा काहीच वजा न करता सगळ्या मैदानाला हेच आकडे लावले तर उत्तर जवळपास दुप्पट येईल.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, एका सतरंजीवर बघून घ्या. सप्ताहाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या हरिपाठाला मधली एक सतरंजी निवडा. समजा ती १० बाय १५ फुटांची, म्हणजे १५० चौरस फूट आहे. त्यावर २५ माणसं असतील तर माणसामागे सहा फूट. तिथेच ३० बसलेली असतील तर पाच. मंचाजवळच्या सतरंजीवर पंचविसाच्या वर आणि कनातीजवळ अठरा-वीस अशी संख्या दिसेल. तुमच्या गावातली माणसं कशी बसतात हे अशा एका मोजणीतून नेमकं कळतं. महिलांच्या बाजूलाही वेगळी मोजा. लहान मुलं सोबत असतात, त्यामुळे तिथे आकडा वेगळा येतो.

आता भागाकार: ३९,८८० भागिले ६, सुमारे ६,६५०.

यातून एक ढोबळ सूत्र निघतं आणि ते तोंडपाठ करण्यासारखं आहे. मैदानाचं एकूण क्षेत्र गुंठ्यांत घ्या आणि गुंठ्याला १०० माणसं धरा. एका गुंठ्याच्या १,०८९ चौरस फुटांपैकी ५५ टक्के म्हणजे ६०० फूट बसायला मिळतात आणि सहाने भागलं की शंभर. आपलं मैदान ६६ गुंठ्यांचं, म्हणून ६,६००. एकराला चार हजार. सविस्तर हिशेबाचं उत्तर यापासून फार लांब गेलं तर गुणाकार पुन्हा तपासा.

४. सावली किती आहे ते बघा

काल्याचं कीर्तन सकाळी दहा ते बारा चालतं. चैत्र-वैशाखात त्या वेळी उघड्यावर कोणी बसत नाही, आणि बसवूही नये. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर पुरस्कार सोहळा झाला, तेव्हा उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. तिथे जागेला तोटा नव्हता.

म्हणून उन्हाळ्यात क्षमता मैदानाची न काढता मंडपाची काढा. आपल्या उदाहरणात बैठक २०० फूट खोल आहे. पैसे वाचवायला मंडप १२० फुटांपर्यंतच घातला तर बसायची जागाही साधारण त्याच प्रमाणात घटेल आणि ६,६५० चे चार हजार होतील. मात्र माणसं घटणार नाहीत. मागची अडीच हजार माणसं सावलीत शिरायला बघतील, आधी वाटा भरतील, मग सतरंजीवर माणसामागे चार फुटांपर्यंत दाटी होईल आणि मधल्या कोणाला उठून बाहेर येणं अशक्य होईल. कनातीने तिन्ही बाजू बंद असतील तर आत हवाही खेळत नाही. मंडप लहान असेल तर अर्जातला आकडाही लहान लिहा.

५. दरवाजे मोजा

माणसं दोन तासांत आरामात येतात, पण जाताना सगळी एकदमच उठतात. म्हणून दरवाज्यांचा हिशेब बाहेर पडण्यावरून करायचा.

ब्रिटनमध्ये क्रीडा मैदानांच्या सुरक्षेसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसं बाहेर पडतात असं धरलं आहे, आणि बाहेर पडण्यासाठी जास्तीत जास्त आठ मिनिटं. फुटांत सांगायचं तर दर फुटाला मिनिटाला २५ माणसं. ही वरची मर्यादा आहे. सप्ताहाला वयस्कर मंडळी आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया जास्त असतात, म्हणून मी २० च धरतो.

आपल्या मैदानाला एक १२ फुटी मोठं फाटक आणि दोन ८ फुटी फाटकं आहेत. एकूण २८ फूट. २८ गुणिले २० गुणिले ८ मिनिटं, म्हणजे ४,४८०.

जागा ६,६५० माणसांची आणि दरवाजे साडेचार हजारांचे. म्हणजे या मैदानाची क्षमता आत्ता साडेचार हजारच आहे, मधे कितीही सतरंज्या रिकाम्या असोत.

हे वाढवता येतं. पूर्वेला तारेचं कुंपण आहे. शाळेच्या लेखी परवानगीने दोन खांबांमधली १२ फूट तार त्या दिवसापुरती सोडली, खालची जमीन सपाट केली आणि बाहेर जायला रस्ता असला, तर दरवाजे ४० फुटांचे होतात. ४० गुणिले २० गुणिले ८, म्हणजे ६,४००. आता जागा आणि दरवाजे जुळले. मी या मैदानासाठी अर्जात ६,००० लिहीन.

दरवाजा मोजताना खांबापासून खांबापर्यंत पट्टी लावून थांबू नका. त्यातून कार्यक्रमाच्या दिवशी खरोखर किती फूट मोकळे असतात ते बघा. फाटकाचं एक दार गंजून अडकलेलं असतं. फाटकाबाहेर गटारावरची फरशी अरुंद असते, मग रुंदी फरशीची धरायची. फुगेवाले, रसवंतीची गाडी आणि रिक्षा नेमक्या तोंडाशी उभ्या राहतात. महाराजांच्या किंवा पुढाऱ्यांच्या गाड्यांसाठी राखलेलं फाटक तर हिशेबातून सरळ वगळा, कारण ऐन वेळी तिथे गाडी आडवी असते.

आणि चपला. कीर्तनाला माणसं फाटकातच चपला काढतात. तिथे ढीग होतो, जाताना प्रत्येक जण वाकून आपली जोडी शोधतो आणि मागून गर्दी येत राहते. १२ फुटी फाटकातून जेमतेम तीन-चार फूट चालते राहतात. चपला ठेवायची जागा फाटकापासून निदान ५० फूट आत, कुंपणाच्या कडेने, बांबू लावून वेगळी करा. फाटकं जेवढी तेवढ्या जागा करा, नाहीतर पूर्वेकडून बाहेर पडायला सांगितलेली माणसंही चपलेसाठी पश्चिमेच्या फाटकाकडे वळतील. तसंही माणूस ज्या दाराने आला त्याच दाराने जायला बघतो, म्हणून तीन-चार स्वयंसेवक शेवटच्या आरतीच्या आधीच वाटांच्या तोंडाशी उभे करा आणि कोणत्या बाजूच्या मंडळींनी कुठून जायचं हे माइकवरून दोनदा सांगा.

२ जुलै २०२४ ला उत्तर प्रदेशात हाथरसजवळच्या सत्संगात १२१ जण चेंगरून गेले, ते कार्यक्रम संपून माणसं निघाली तेव्हा. परवानगी ८० हजारांची होती आणि पोलिसांच्या तक्रारीनुसार आलेली माणसं अडीच लाखांवर होती.

६. महाप्रसादाचा हिशेब वेगळा करा

पंगतीत माणसाला दोन फूट रुंदी, बसायला अडीच फूट, पत्रावळीला दीड फूट आणि वाढप्याच्या वाटेचा निम्मा हिस्सा लागतो. सगळी मिळून अकरा-बारा चौरस फूट, म्हणजे बैठकीच्या दुप्पट. त्याच मंडपात पंगत बसवली तर एका वेळी ३,३०० च बसतील आणि दोन पंगती कराव्या लागतील. दुसऱ्या पंगतीच्या माणसांनी तोवर कुठे थांबायचं, हे आधी ठरवा. काहीच ठरवलं नाही तर ती पहिल्या पंगतीच्या पाठीमागे वाटांवर उभी राहतात आणि डाळीची गरम बादली घेऊन फिरणाऱ्या वाढप्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. मागचा ३० फुटांचा पट्टा आणि शाळेचे व्हरांडे त्यांच्यासाठी ठेवा, तिथे पाणी ठेवा आणि पहिल्या पंगतीला महिला, मुलं आणि बाहेरगावची दिंडी बसवा.

७. ऐकलेला आकडा उलटा तपासा

पत्रकावर ‘५० हजार भाविकांची उपस्थिती’ छापलेलं असेल तर भागाकार उलटा करा. ७२,००० भागिले ५०,०००, म्हणजे मंच, विहीर, वाटा सगळं धरूनही माणसामागे दीड चौरस फुटाहून कमी. मांडी घालणं सोडाच, एवढ्या जागेत उभं राहणंही जीवघेणं आहे. चौरस मीटरला सात माणसांपर्यंत दाटी झाली, म्हणजे माणसामागे दीड चौरस फूट राहिला, की गर्दीतला माणूस स्वतःच्या पायांवर ताबा ठेवू शकत नाही. लाट येईल तसा तो ढकलला जातो. चौरस मीटरला पाचपासूनच धोका सुरू होतो.

मुंबईतल्या सभांच्या आकड्यांनाही हीच कसोटी लावता येते. दादरचं शिवाजी पार्क सुमारे २८ एकरांचं, म्हणजे १२ लाख चौरस फुटांच्या आसपास. जेकब्सच्या सैल गर्दीच्या हिशेबाने सव्वा लाखाच्या आत, आणि सगळीकडे साडेचार फुटांची दाटी धरली तर पावणेतीन लाखांच्या आत. त्यातून जिमखाना, गणपतीचं देऊळ, कडेच्या बागा आणि मंच वजा करायचे आहेतच. त्यापेक्षा मोठा आकडा कोणी सांगितला तर माणसं बाहेरच्या रस्त्यांवर किती होती ते विचारा. दिवसभर येऊन-जाऊन असलेली माणसं आणि एका क्षणी मैदानात असलेली माणसं या दोन संख्याही वेगळ्या. प्रसादाला दिवसभरात वीस हजार येऊ शकतात. मंडप, वाटा आणि दरवाजे मात्र एका वेळच्या संख्येवरच ठरवायचे.

८. त्या दिवशी मोजा

मंडपाचे खांब म्हणजे तुमचे आयते चौकोन. खांबांमधलं अंतर १५ फूट असेल तर एक चौकोन २२५ चौरस फुटांचा. आपल्या बैठकीत असे १७७ चौकोन होतात. कीर्तन संपायच्या अर्धा तास आधी साउंडच्या चौथऱ्यावर चढा. आरतीच्या वेळी मोजू नका, तेव्हा सगळी उभी असतात आणि पुढे सरकतात.

पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग करा आणि प्रत्येकातल्या निदान दोन चौकोनांतली डोकी मोजून सरासरी घ्या. समजा पुढे ४५, मधे ३८ आणि मागे २४ आली. पुढचे ६० चौकोन म्हणजे २,७००. मधले ६० म्हणजे २,२८०. मागचे ५७ म्हणजे १,३६८. एकूण ६,३४८. फक्त पुढचा चौकोन मोजून १७७ ने गुणलं असतं तर आठ हजारांच्या जवळ आकडा आला असता. वर्तमानपत्रात जाणारे फुगलेले आकडे बरेचदा असेच तयार होतात. मंचावरचा माणूस पुढची गर्दी बघतो आणि सगळं मैदान तसंच भरलंय असं समजतो.

हीच मोजणी अकरा वाजता एकदा आधी करा. पुढच्या चौकोनात ४५ च्या वर माणसं गेली की तिकडे नवी माणसं पाठवणं थांबवा आणि मागच्या रिकाम्या चौकोनांकडे वळवा. एकूण आकडा ६,००० ला पोचला की आत येणारी माणसं थांबवून फाटकं बाहेर जाणाऱ्यांसाठी मोकळी ठेवा. बाहेर रस्त्यावर एक कर्णा आणि शक्य असेल तर पडदा लावलेला असला की माणसं तिथे थांबतात, आत शिरायचा हट्ट करत नाहीत. ही बाहेरची जागाही आधी मोजून ठेवा आणि ती फाटकाच्या समोर येणार नाही असं बघा.

मोजणीची वेळ, चौकोनांतली डोकी आणि चौथऱ्यावरून काढलेले दोन-तीन फोटो वहीतल्या नकाशासोबत मंडळाच्या फायलीत लावा. पुढच्या वर्षीच्या अर्जाला तीच पानं जोडली की बंदोबस्ताची आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही फाटकं कुठे आहेत आणि कुठली तार सोडायची आहे हे लगेच दिसतं.